चार बोटं खोल

"बियाले माहा हात कुठंच लागत नाही ना, भाऊ?"

चंदावहिनीनं पयला प्रश्न हाच इचारला. मशीन ओढाले जड हाय का, किती बी टाकते, टिकन किती साल, लोकं हेच इचारतात. ह्या बाईनं हात इचारला.

मी म्हटलं, "नाही लागत. पेटीत बी ओतलं की झालं. पुढं चाक करते सगळं."

"पेटीत कोणीबी ओतलं तं चालते?"

"कोणीबी."

ती पेरणीयंत्राच्या भोवती एक चक्कर मारून आली. हात मांगं बांधले होते, जसं काही इथंबी हात लावाची बंदी हाय.

बाळापूरले रस्त्याच्या कडंले आमचं दुकान हाय. अब्बाचं, गुलाम नबीचं. अब्बा जुने लोहार. वखराच्या पासा, तिफनीचे फण, कुऱ्हाडी, सगळं त्यायच्या हातचं. मी बारावीनंतर पुढं गेलो नाही. वेल्डिंग अब्बानं शिकवली, बाकी मोबाइलवर पाहून अन् सामान मोडून शिकलो. हे यंत्र बी तसंच तयार झालं. दोन वेळा बिघडलं, तिसऱ्या वेळी जमलं.

सांगतो कसं हाय. बैलानं ओढाचं, तीन फणाचं. दोन बाजूले दोन चाकं. एक चाक गुळगुळीत, नुसतं टेकाले. दुसऱ्याले लोखंडी खुटे लावलेले, म्हणजे मातीले धरून फिरते. त्या चाकाच्या धुरीवरून सायकलची चेन वर जाते, पेटीखालच्या दांडीले फिरवते. दांडीवर तीन चकत्या. चकतीच्या काठाले खाचा. एका खाचेत एक दाणा बसते, वर येते, नळीत पडते, नळीतून फणाच्या मांगं मातीत. इंजिन नाही, बॅटरी नाही. जमीन चाकाले फिरवते, चाक बी टाकते.

तिफनीचं तसं नाही. तिफनीवर माणूस बैल हाकते अन् बाई मांगं चालते. लाकडाच्या वाटीसारखं चाडं असते, त्याच्यात मुठीतून दाणे सोडत जाते. किती सोडाचे हे हातालेच माहीत. चंदावहिनीचा हात तिच्या गावात नावाजलेला. नवरा मुरलीभाऊ बैलावर अन् ती चाड्यावर. लोकं म्हणत, ह्यायच्या वावरात दोरी लावून पेरल्यासारखं निघते. मुरलीभाऊ आमच्याइकडं फण पाजवाले येये. माहा दोस्तच म्हणा. मले 'इंजिनेर' म्हणे चिडवाले.

होळीच्या आधी हायवेवर ट्रकनं उडवला त्याले.

तवापासून चाडं बंद. त्या घरात पेरणीची मूठ कुंकवाच्या बाईनंच धराची. पावसाळ्यात सोयाबीन पेरली तं चाड्यावर शेजारची माणिकबाई बोलावली अन् चंदावहिनीले भाकरी थापाले घरी ठेवलं.

"माह्याच वावरात, भाऊ," वहिनी म्हणे. "भाकरी नेऊन देल्ली मी धुऱ्यापर्यंत, वावराच्या बांधापर्यंत. धुऱ्याच्या आत नाही जाऊ देल्लं. माणिकबाईचा हात दाट पडे. मी दुरून पाहू राहिली, दाट पडून राहिलं. बोलाची बी चोरी."

आता हरभऱ्याची पेरणी आली होती. अन् तिच्या सासऱ्यानं, नत्थुजीनं, एक गोष्ट सांगून ठेवली होती. मुरलीच्या हिश्शाचं दोन एकर वावर हाय. ह्या हंगामात तिनं ते करून दाखवलं तं तिच्याकडं राहीन. नाही जमलं तं धाकटा बंडू सगळंच वाहीन अन् तिनं वरूडले भावाकडं जावं. नत्थुजी वाईट माणूस नाही. त्यानं हे रागानं म्हटलं नव्हतं, हिशोबानं म्हटलं होतं. एकटी बाई, हात चालवता येत नाही, वावर पडीक राहीन, असा हिशोब.

म्हणून हात न लागणारं यंत्र.

अब्बा भट्टीपासून उठून आले. म्हणे, "हसनैन, ले जाने दे. चलाके देख लेगी बिचारी. वैसे भी पडाच है."

"पडून नाही अब्बा, मॉडेल हाय ते."

"हां हां, मॉडेल. कबूतर बैठते उसपे."

वहिनी हसली. मुरलीभाऊ गेल्यापासून मी तिले हसताना पयल्यांदाच पाह्यलं.

मंग आमी यंत्र बसवाले घेतलं. मी इचारलं, "दोन दाण्यात अंतर किती ठेवू?"

तिनं वीत टाकली जमिनीवर. "एका वितीत दोन."

म्हणजे दहा सेंटीमीटर. हरभऱ्याले तेवढंच लागते. माहं चाक एक चक्कर फिरलं की एकशे वीस सेंटीमीटर जमीन सरते, अन् तेवढ्यात चकतीची बी एकच चक्कर होते. बारा खाचांची चकती टाकली की झालं. आठ खाचांची टाकली असती तं पंधरावर पडलं असतं. तिले हे सांगतलं तं तिनं बोटावर मोजून पाह्यलं अन् मान हलवली.

दुकानामांगं मोकळी जागा हाय. तिथं माती मोकळी केली, मी पुढून ओढलं, अन् ती मांगून हाताची दांडी धरून चालली. पयले हळू, मंग एकदम जोरात. मले पळावं लागलं.

"अवो वहिनी, बैल नाही मी!"

"गप ओढा! पायतो मी."

मंग बसून तिनं माती उकरली. हळूतले दाणे, जोरातले दाणे. अंतर तेच. जोरात चाललं तं चाक बी जोरात फिरलं, दाणे बी जोरात पडले. कुठं कुठं चाक ढेकळावर घसरलं तिथं बोटभर जास्त सुटलं होतं, बाकी सारखं. ती लय वेळ त्या दाण्याइकडं पाहत राह्यली.

"माह्या हाताले हे नाही जमत होतं, भाऊ. थकली की पातळ पडे. हे मुरलीलेच माहीत होतं. थो बैल थांबवे अन् म्हणे, पाणी पी."

मी फणापाशी बसलो.

"अन् खोल किती?" मी इचारलं. "पाच ठेवू का सात?"

तिनं मांगं बांधलेला हात सोडला. फणाच्या टोकाले चार बोटं आडवी लावली. "इथपर्यंत मातीत गेला पायजे. वरची माती वाळली, ओल खाली गेली हाय. मी काल पायानं उकरून पाह्यलं. दोन बोटावर टाकान तं दाणा कोरड्यात पडन."

मी कानस घेतली अन् तिच्या करंगळीच्या वरतून फणावर खाच पाडली. मंग क्लॅम्प सैल करून फण खाली सोडला, चाकं मोकळ्या मातीत ठेवली. मोकळ्या मातीत चाक थोडं दबते, तेवढा फण आणखी खाली जाते, म्हणून दोनदा वर-खाली करावं लागलं. शेवटी खाच बरोब्बर मातीच्या बरोबरीनं आली. तिन्ही फणाले तसंच केलं. नट आवळले.

जाताना ती म्हणे, "आता मले आत जाऊ देतीन."

पेरणीच्या दिवशी मी अकोल्याले बेअरिंग आणाले गेलो होतो. म्हणून हे पुढचं वहिनीनं अन् बंडूनं सांगतलेलं.

सासू केशरबाई सकाळीच वावरात आली. यंत्राची पूजा केली. पेटीच्या झाकणावर लाल कपडा बांधला. मंग वहिनीले म्हणे, "बाई, तू दांडी धर, मांगून चाल. पेटीले हात लावू नको. झाकण उघडाचं नाही. बी सरलं की तुह्या सासऱ्याले हाक मार, थे झाकणाच्या भोकातून ओततीन."

वहिनीनं हो म्हटलं. आत जाऊ देल्लं हेच लय होतं.

बंडू बैलावर. पयली फेरी निघाली. यंत्र चाललं की खाचांतून दाणे पडाचा टिकटिक आवाज येते, तीन नळ्यांचा मिळून. दुसऱ्या फेरीलेच वहिनीनं बंडूले थांबवलं.

"आवाज बारीक झाला."

"कायचा आवाज?"

"दाण्याचा. पयले भरून येत होता. एखादी नळी बंद हाय असं वाटते. झाकण उघडून पाय बरं."

बंडू धुऱ्याकडं वरडला, "ओ माय! झाकण उघडू का? वहिनी म्हणते आवाज बारीक झाला!"

केशरबाई तिथूनच वरडली, "उघडू नको! कपडा सोडाचा नाही पेरणी होईपर्यंत!"

अन् नत्थुजी म्हणे, "चाल रे बंडू, ओल उडून राहिली. मशीन होय थे, गाणं थोडंच म्हणून राहिलं."

नळ्या मी पांढऱ्या प्लास्टिकच्या लावल्या होत्या, दाणा दिसावा म्हणून. पण काळ्या मातीची धूळ. पयल्या फेरीलेच सगळ्या काळ्या. वहिनी चालत राह्यली. हात दांडीवर, कान पेटीकडं.

संध्याकाळी बंडूचा फोन आला मले. लय खुशीत. "काय बे इंजिनेर! जमलं ना तुह्यं! दोन एकर झालं अन् बी उरलं, पाय! अर्धं पोतं उरलं! बाबूजी म्हणून राहिले, मशीन बी वाचवते."

मीच सांगतलं होतं, मशीन बी वाचवते. म्हणून मी बी खुश झालो. अर्धं पोतं म्हणजे लयच, हे डोक्यात आलं, पण खुशीत कोण हिशोब करते.

आठवडा झाला असन. दुपारी वहिनीचा फोन.

"भाऊ, येऊन पाहून जा."

आवाजच तसा होता. गाडीले किक मारली अन् निघालो.

धुऱ्यावर चार-पाच बाया उभ्या. नत्थुजी उकिडवा बसलेला, हातात वाळकी काडी. मी वावराकडं पाह्यलं अन् तासं मोजाले लागलो, म्हणजे फणाच्या एकेक ओळी.

दोन तासं हिरवी. एक कोरं. मंग दोन तासं हिरवी. एक कोरं. या टोकापासून त्या टोकापर्यंत, सगळं वावर तसंच. जे उगवलं होतं ते इतकं बरोबर उगवलं होतं का मोजपट्टी ठेवावी. वितीत दोन. अन् मधलं प्रत्येक तास काळं, नुसती माती.

माणिकबाई हळू आवाजात बोलत होती, पण ऐकू जाईन इतकीच हळू. "मशीन असो नाही तं तिफन असो. मांगं कोण चाललं थे पाहा लागते ना. छाया तं पडतेच बाई."

"माणिकबाई, छायेनं दर तिसरं तास कसं मोजलं मंग?" मी म्हटलं. "छायेले गणित येते का?"

"तू गप रे. तुले काय समजते आमचं."

वहिनी एका कोऱ्या तासात उभी होती. हात मांगं बांधलेले.

मी म्हटलं, यंत्र दाखवा. गोठ्यात ठेवलं होतं. वहिनी माह्यासंगं आली. बाकी कोणी आलं नाही. लाल कपडा अजून बांधलेलाच होता. मी सोडला. झाकण उघडलं.

पेटीच्या तळाले मधल्या चकतीजवळ एक गोळा बसलेला. लाल-पिवळा. वाळून दगड झालेला. हळद, कुंकू, गूळ अन् हरभऱ्याचे दाणे. ओली मूठ होती ती. कोणीतरी पेरणीच्या आधी पेटीच्या मधोमध टाकलेली. गुळाचं पाणी चकतीच्या खाचांत गेलं, दाणे चिकटले, बाराच्या बारा खाचा भरल्या अन् वरून गोळ्यानं झाकण केलं. चकती फिरत राह्यली, पण रिकामी खाच एकबी नाही, मंग नवा दाणा बसन कुठं? बाजूच्या दोन चकत्या मस्त चालत राह्यल्या. पेटी आतून एकच हाय, मधात फळी नाही. मधलं बी गोळ्यावरून दोन बाजूले सरकत गेलं, म्हणून ओतणाऱ्याले बी समजलं नाही.

अन् उरलेलं अर्धं पोतं. ते वाचलेलं बी नव्हतं. ते मधल्या तासांचं बी होतं.

मी स्क्रू काढून चकती बाहेर घेतली. गोळ्यातल्या काही दाण्यांले पेटीतच कोंब फुटले होते. पांढरे, बारीक. तिथंच वाळून गेले होते.

"केशरमावशीनं टाकली हे मूठ," मी म्हटलं. "कुंकवाच्या हातची मूठ. तुमच्या मांगं चालण्याचा उतारा म्हणून."

 वहिनीले माह्याआधीच समजलं होतं, असं मले वाटते. कपडा सोडतानाच.

"चाला," मी म्हटलं. "आत्ताच दाखवू सगळ्याइले. त्या माणिकबाईच्या नाकासमोर धरतो हे चकती."

"नाही."

"काहून नाही?"

तिनं चकती माह्या हातातून घेतली. बैलाच्या पाण्याच्या टाक्यापाशी गेली अन् धुवाले बसली. नखानं एक एक खाच मोकळी केली. पाणी लाल झालं. मले असा राग आला का काय सांगू.

"वहिनी, पुरावा होये थो!"

"कोणाचा पुरावा?" ती म्हणे. "सांगतलं तं म्हणतीन सून सासूवर ढकलते. अन् बाबूजीनं मानलं तं तिले चारचौघात बोलतीन. तिचं पोरगं गेलं, भाऊ. एक राह्यलं. तिनं माह्यासाठी वाईट नाही टाकली मूठ. बंडूसाठी टाकली, वावरासाठी टाकली. भेली हाय थी."

"अन् तुमी?"

"मी बी भेलीच हाय. माह्या भिण्यानं चकती बंद नाही पडत, एवढंच."

तेवढ्यात दारात सावली पडली. केशरबाई. तिनं टाक्यातलं लाल पाणी पाह्यलं. वहिनीच्या हातातली चकती पाह्यली. माह्या तोंडाकडं पाह्यलं. पदर तोंडाले लावला अन् तशीच मांगं फिरली. 

वहिनी म्हणे, "पाह्यलं तिनं. आता थीच सांगन."

वावर तसं सोडता येत नव्हतं. वहिनीनंच नत्थुजीले म्हटलं, "बाबूजी, नांग्या भरून घेतो." नांगी म्हणजे जिथं उगवलं नाही ती जागा. तिथं खुरपीनं माती उकरून हातानं दाणा टाकाचा. मजूर बाया नेहमी करतात ते काम.

अन् गंमत पाहा. गंमत म्हणावं का काय. ह्याले कोणी अडवलं नाही. नांगी भरणं म्हणजे पेरणी थोडीच. ते मजुरीचं काम. त्याले मूठ लागत नाही, पूजा लागत नाही, कुंकू लागत नाही. पेरणीच्या दिवशी जो हात पेटीले लागाचा नव्हता, त्याच हातानं एक तृतीयांश वावर पेराले परवानगी भेटली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गेलो, यंत्र परत बसवाले. मी म्हटलं होतं, बाकी फण काढून एकाच फणानं मधली तासं पेरून टाकू. पण दोन्ही बाजूचा हरभरा बोटभर वर आला होता. बैलाचे पाय अन् चाकं त्याच्यावरूनच गेली असती. यंत्राचं काम नव्हतं ते.

वहिनी वाकून चालली होती. खुरपीनं उकरे, चार बोटं घालून पाहे ओल लागते का, दाणा टाके, माती दाबे. वितीत दोन. वरची माती आता आणखी वाळली होती. मांगून केशरबाई आली. डोक्यावर पाण्याची घागर. वहिनी दाणा टाके अन् केशरबाई त्या जागेवर गिलासानं थोडं पाणी सोडे. दोघी तास धरून गेल्या, परत आल्या. मी धुऱ्यावर उभा. मले वाटलं, झालं आता. आता केशरबाई घरी जाईन अन् नवऱ्याले सांगन.

वहिनीले बी तसंच वाटलं असन. एकदा तिनं मान वर करून सासूकडं पाह्यलं. केशरबाई घागर भराले गेली.

हरभरा आला. मस्त आला. मधली तासं सगळा हंगाम थोडी बुटकी राह्यली, दहा-बारा दिवसांनी लहान असल्यासारखी. फुलावर बी उशिरा आली. पण आली. हिवाळ्यात मी त्या रस्त्यानं जाये तं दुरून दिसे, दोन उंच, एक बुटकं, दोन उंच, एक बुटकं. ज्याले माहीत त्यालेच समजे का बुटकी तासं चंदावहिनीच्या हातची होत.

सोंगणी झाली, मळणी झाली. नत्थुजी खुश. आमच्या दुकानात पेढे घेऊन आला. अब्बाले म्हणे, "गुलामभाऊ, पोरगं हुशार हाय तुमचं. मशीननं कमाल केली. सुरवातीले थोडी अडकली, मंग काय आलं पीक!"

मी म्हटलं, "वावर मंग वहिनीकडंच ना काका? पीक तं आलं."

नत्थुजीनं पेढ्याचा डबा खाली ठेवला. टोपी नीट केली. "मी थेच सांगाले आलो. तुह्या मशीननं काम सोपं करून टाकलं, बावा. तिफनीले हाकणारा येगळा अन् पेरणारी येगळी लागे. ह्याले एकच माणूस पुरते. बंडूनं करून पाह्यलं सोयाबीन कापलेल्या वावरात, ठुटात, एका हातात कासरा, एका हातात दांडी. आता दोघं कायले पायजेत? चंदा वरूडले जाते म्हणते भावाकडं. संत्र्याच्या पॅकिंगवर काम हाय. बाईमाणसाले सावलीतलं काम बरं."

"जाते म्हणते का जा म्हटलं?"

"हसनैन!" अब्बा भट्टीपासून वरडले.

नत्थुजीनं डबा माह्याकडं सरकवला. म्हणे, "पेढे खाजा." अन् गेला.

वहिनी मले बाळापूरच्या स्टँडवर भेटली, अकोल्याच्या बसची वाट पाहत. तिथून पुढं अमरावती, मंग वरूड. संगं एक पिशवी अन् एक ट्रंक. मी गाडी लावली, तिच्याजवळ जाऊन उभा राह्यलो. मले वाटत होतं आत्ता नत्थुजीच्या घरी जावं अन् सगळं ओकून टाकावं. मी तसं म्हटलं बी.

"आता काय कराचं सांगून?" ती म्हणे. "मशीन चांगलंच हाय. मी नाही म्हणू का? मीच मांगलं होतं, माहा हात नको लागो म्हणून. नाहीच लागला."

"अर्धं पीक तुमच्या हातचं होतं, वहिनी."

"अर्धं नाही. तिसरा हिस्सा." ती जरा हसली. "तुमीच तं हिशोब शिकवला."

बस लागली. कंडक्टर वरडाले लागला. तिनं ट्रंक उचलली, मी हातातून घेतली, वर चढवून देल्ली. दारात उभी राहून ती म्हणे, "रोज वाट पाह्यली मी, भाऊ. रातच्या जेवणाले सगळे बसत ना, तवा वाटे आज सासूबाई बोलन. पाणी वाढे, भाकर वाढे, माह्याकडं पाहे. बोलली नाही."

मंग बस निघाली.

आता पुन्हा हरभऱ्याचे दिवस आले. परवा बंडू यंत्र घेऊन आला. त्याचं बी मन खराब नाही. म्हणे, "गड्या, सोयाबीनच्या वेळी फण वर घेतले होते, तं आता खोली बसत नाही. बसवून दे."

मी आधी पेटीचं झाकण उघडून मधली चकती काढून पाह्यली. स्वच्छ होती. बंडू म्हणे, "आता माय लाल कपडा नाही बांधत. मूठ बी नाही टाकत. म्हणते मशीनले कायची मूठ. पूजेले बी येत नाही वावरात, घरीच बसून राहते."

मंग त्याले फणावरची खाच दिसली. कानशीची, जरा गंजलेली.

"हे काय होय बे?"

"खोलीचं माप. चार बोटं."

त्यानं फणाच्या टोकाले आपली बोटं लावली. बैल हाकणारी जाड बोटं. तीन बसली अन् चौथं अर्धं खाचेच्या बाहेर राह्यलं. त्यानं परत लावून पाह्यली.

"चूक हाय गड्या तुह्यं माप. चार कुठं होतात? कोणाच्या बोटाची होय हे?"

अब्बानं भट्टीवरून मान वर केली. भाता थांबला.

मले सांगता आलं असतं. चकतीचं, मुठीचं, सगळंच. बंडूनं ऐकून बी घेतलं असतं. पण तिनं धुतलेली चकती माह्या हातात होती अन् तिच्यावर काहीच नव्हतं.

मी चकती परत बसवली, चाकं मोकळ्या मातीत ठेवली. फण खाली सोडला. खाच मातीच्या बरोबर आली तशी नट आवळला. दुसरा. तिसरा.

"ह्याच्यावरच राहू दे," मी म्हटलं. "ओल तिथंच लागते."